जपाला झोपेचं काम लावलं की

"मॅडम, रोज रात्री अंथरुणात पडून १०८ वेळा जप करते. पूर्वी जप संपायच्या आतच डोळा लागायचा. आता चार महिने झाले, दीड-दोन तास जागीच असते. मध्येच मन भरकटतं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझी श्रद्धा कमी पडतेय का?"

श्रद्धेबद्दल मी काहीच बोलले नाही. "रात्री जसा करता तसाच आत्ता करून दाखवा," एवढंच म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून भराभर सरकू लागला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. जबडा घट्ट, खांदे कानांकडे ओढलेले, श्वास छातीत वरच्या वर. मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला एकोणीस. मध्येच थांबून त्या पुटपुटल्या, "चुकलं बहुतेक," आणि पहिल्या पेरावर परत गेल्या.

"जप नीट झाला हे कशावरून ठरवता?"

त्या थोड्या ओशाळल्या. "झोप लागली तर नीट झाला. प्रत्येक फेरीनंतर मोबाइलवर वेळ बघते."

गाठ इथे होती. जप करता करता झोप यायची, तेव्हा त्यांना झोपेची पर्वा नव्हती. चार महिन्यांपूर्वी नोकरीतल्या बदलामुळे काही रात्री बिघडल्या, तशा कुणाच्याही बिघडतात. मग त्यांनी जपाला झोप आणायचं काम लावलं. झोप ही ओढून आणायची वस्तूच नाही. १९९६ साली एक प्रयोग झाला होता. काही जणांना 'लवकरात लवकर झोपा' असं सांगितलं आणि कानात लष्करी बँडची धून लावली. ज्यांना 'वाटेल तेव्हा झोपा' म्हटलं होतं, त्यांच्यापेक्षा या मंडळींना झोप यायला जास्त वेळ लागला. डोक्यात गोंगाट असताना 'आता झोपलंच पाहिजे' हा हुकूम उलटतो. ताईंच्या कानात बँड नव्हता, पण मोजणी होती, चुकण्याची धास्ती होती आणि घड्याळ होतं.

एक गोष्ट आधी तपासून घेतली. "जप अर्धवट सोडला तर काही वाईट घडेल असं वाटतं का? घरच्या कुणाला काही होईल, असं?" त्या म्हणाल्या, "छे, नुसती रुखरुख लागते." हे उत्तर 'हो' असतं तर माझी वाट वेगळी झाली असती. भीतीपोटी पुन्हापुन्हा 'बरोबर' होईपर्यंत केलेली प्रार्थना मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं लक्षण असू शकते. तिथे जपाची पद्धत सुधारून देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. अशांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. घोरताना श्वास अडकतो का, सकाळी उठल्यापासून मन खिन्न असतं का, हेही विचारलं. दोन्ही नव्हतं.

आता प्रार्थनेने शरीर खरंच शांत होतं का? होतं, पण कशामुळे हे समजून घ्यायला हवं. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक चांगली चालू लागली. मेख आहे ती लयीत. लांबलचक ओळ आवाजात म्हणायची तर उच्छ्वास लांबवावाच लागतो. मनातल्या मनात भराभर म्हटलेल्या दोन अक्षरी नामाने हे होत नाही. आणि हेही सांगायला हवं की त्या प्रयोगात झोप मोजलीच नव्हती. 'मंत्राने झोप येते हे विज्ञानाने सिद्ध केलं' असं कुणी या अभ्यासाच्या जोरावर म्हणत असेल, तर ते ताणलेलं आहे.

ताईंसाठी आम्ही मांडणीच बदलली. जप अंथरुणातून उठवून खुर्चीवर आणला, झोपायच्या पाऊण तास आधी, मंद दिव्यात. एका उच्छ्वासावर एकदाच नाम, स्वतःला ऐकू येईल इतपत आवाजात, मग सावकाश श्वास आत. दहा मिनिटं, मोजणी नाही. मन भरकटलं तर जिथे लक्षात येईल तिथून पुढे जायचं, पहिल्यापासून नाही. माझ्यासमोर सराव केला तेव्हा तिसऱ्या मिनिटाला श्वास मिनिटाला सातवर आला होता आणि खांदे आपसूक खाली उतरले होते.

दुसरा अडथळा बोलण्याच्या ओघात कळला. जपानंतर त्या देवाशी बोलायच्या आणि ते बोलणं म्हणजे उद्याच्या काळज्यांची यादी होती. मुलाचा प्रवेश, वरिष्ठांना द्यायचा अहवाल, आईची तपासणी. दिवे मालवल्यावर रोज यादीची उजळणी! म्हणून यादी जपाच्या आधी आणली, तीही कागदावर, पाच मिनिटांत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी ज्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, ते झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. फरक छोटा आहे, पण कागदाला खर्च काय?

यापुढचे नियम जपाचे नव्हते, निद्रानाशाच्या वर्तनोपचारातले होते. डोळे पेंगल्यावरच अंथरुणात जायचं. वीसेक मिनिटं जाग आहे असं अंदाजाने वाटलं तर उठून खुर्चीत बसायचं. घड्याळ नजरेआड. सकाळी मात्र रोज सहालाच उठायचं, रात्र कशीही गेली तरी.

पहिला आठवडा वाईट गेला. चौथ्या दिवशी फोन आला, "खुर्चीत बसून जप केला, आणि मग अंथरुणात जप नाही तर करू काय?" काहीच करू नका, म्हटलं. हे त्यांना सर्वांत जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात निद्रानोंदीत पडल्यापासून झोप लागेपर्यंतचा अंदाज तासाच्या आत आला, सहाव्यात बहुतेक रात्री अर्ध्या तासाच्या आसपास. आईच्या तपासणीच्या आदल्या रात्री पुन्हा दोन तास. ती रात्र आम्ही नोंदीत तशीच राहू दिली.

यातलं श्रेय जपाचं किती? माझ्या मते मोठा वाटा ठरल्या वेळी उठण्याचा आणि अंथरुण फक्त झोपेसाठी ठेवण्याचा. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त झोप बिघडलेली असेल तर हा वर्तनोपचारच पहिला उपाय, असं अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेनेही २०१६ साली सांगितलं आहे. जपाने संध्याकाळला उतार दिला. ज्यांना देवाचं नाव नको त्यांनी नुसतं श्वासाकडे लक्ष देत बसलं तरी चालतं. २०१५ सालच्या एका अभ्यासात झोपेची तक्रार असलेल्या ४९ ज्येष्ठांपैकी सजगतेचा सहा आठवड्यांचा वर्ग केलेल्यांची झोप, केवळ झोपेच्या सवयींची माहिती मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारली होती.

शेवटच्या भेटीत ताई जरा अडखळत म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? १०८ ची सवय सुटली, पण चुकल्यासारखं वाटतं. मोजून केला तर बिघडेल का?"

"सकाळी मोजा की," मी म्हटलं.