प्लेसमेंट सेलची वाट न पाहता सातव्या सेमिस्टरपासून सुरुवात करा

प्रश्न: आमची चाळीस जणांची कंपनी आहे, एम्बेडेड उपकरणं बनवतो. दरवर्षी तीन-चार फ्रेशर्स लागतात. प्लेसमेंट सेलला मेल केला की चांगली मुलं गेल्यावरची तारीख मिळते. प्राध्यापकांशी संबंध ठेवून काही फरक पडतो का?

पडतो. मात्र प्राध्यापक आणि प्लेसमेंट सेल यांची कामं वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्या. तारखा ठरवताना सेल पॅकेज आणि किती जणांना घेणार हे पाहतो, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. तीन जागा असलेल्या कंपनीला पहिल्या आठवड्यात बोलावलं, तर ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमामुळे तुम्ही निवडलेली मुलं पुढच्या मोठ्या कंपनीला बसू शकत नाहीत. म्हणून तारखेसाठी भांडण्यात अर्थ नाही. मुलं तुम्हाला आधीपासून ओळखत असतील, तर उशिराची तारीखही चालते.

ही ओळख अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमधून होते. सातवं सेमिस्टर सुरू होताना गट आणि विषय ठरतात. त्याच्या महिनाभर आधी विभागात जा. विभागप्रमुखांना भेटाच, पण खरं काम असतं ते तुमच्या विषयाची लॅब घेणाऱ्या शिक्षकांकडे. ‘टॉपर कोण?’ असं त्यांना विचारू नका, ते निकालपत्रात दिसतंच. ‘सर्किट चाललं नाही तर घरी न जाता थांबतं कोण?’ असं विचारा. याचं उत्तर त्यांच्याशिवाय कुणालाच देता येत नाही.

आमच्याकडे हे कसं झालं ते सांगतो. मोटरच्या कंपनांवरून बेअरिंग खराब होतंय का ते ओळखायचं, असा विषय आम्ही दिला. सेन्सर आणि जुनी मोटर आमची, गाईड कॉलेजचे, आणि आमचा एक इंजिनिअर दर महिन्याच्या रिव्ह्यूला हजर. एका रिव्ह्यूत रीडिंग मधूनच उड्या मारत होती. गटाचं म्हणणं, सेन्सर खराब आहे. त्यातल्या एका मुलीने मात्र सेन्सर बदलून पाहिला होता, मोटर बंद ठेवून रीडिंग घेतली होती आणि तारखेनुसार वहीत लिहून ठेवली होती. मोटर बंद असतानाही उड्या येत होत्या, म्हणून तिने वायरिंग तपासलं. ग्राउंडचं कनेक्शन ढिलं निघालं. तिचा सीजीपीए ६.९ होता आणि कंपनीची अट ७.५ ची. म्हणजे कॅम्पस ड्राइव्हच्या यादीत तिचं नावच आलं नसतं. आठव्या सेमिस्टरला तिला इंटर्नशिप दिली आणि नंतर ऑफर.

ही इंटर्नशिप आणि ऑफर दोन्ही सेलमार्फतच दिली, आणि तुम्हीही तसंच करा. प्राध्यापकांच्या ओळखीने परस्पर ऑफर लेटर दिलं, तर कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांच्या, म्हणजे टीपीओंच्या, नोंदीत ते विद्यार्थी ‘अनप्लेस्ड’ राहतात, नियम मोडल्याचा ठपका मुलांवर येतो आणि ज्या शिक्षकांनी मदत केली तेही अडचणीत येतात. सेलला पाठवायच्या जेडीमध्ये, म्हणजे कामाच्या वर्णनात, कामाचं ठिकाण, फिक्स्ड आणि व्हेरिएबल पगार वेगवेगळा, बॉण्ड असल्यास त्याची मुदत, राउंड किती, हे सगळं लिहा. बॉण्डची गोष्ट मुलाखतीनंतर कळली की मुलं वैतागतात आणि पुढच्या बॅचपर्यंत ती बातमी पोहोचते.

वशिल्याचा धोका आहे आणि तो गांभीर्याने घ्या. शिक्षकांच्या शिफारशीवरून थेट निवड करू नका. प्रोजेक्टसाठी अर्ज सगळ्या वर्गाला खुला ठेवा, चाचणी सगळ्यांना सारखी द्या. शिफारस केलेली मुलं चाचणीत वारंवार मागे पडत असतील, तर शिक्षकांना तुमचं काम नीट कळलेलं नाही किंवा ते कुणाची तरी सोय लावताहेत. अशा वेळी नाकारलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांशी बोला. नेमकं काय कमी पडलं हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. ते कळलं की चांगले शिक्षक पुढच्या वर्षी लॅबमध्ये तेवढा भाग जास्त करून घेतात, आणि शिफारशीही नेमक्या येतात. माझ्या मते सगळ्या संबंधातला सर्वांत किमती भाग हाच. शिफारशीबद्दल शिक्षकांना पैसे मात्र कधीच देऊ नका. त्यांना काही द्यायचंच असेल तर लॅबला उपकरण द्या, तुमच्या इंजिनिअरची व्याख्यानं ठेवा. अशा उद्योग-सहभागाची नोंद विभागाला एनबीए, नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी लागतेच.

सुरुवातीला दोनच कॉलेजं घ्या. चाळीस जणांच्या कंपनीत महिन्याच्या रिव्ह्यूला जाणारा माणूस काढणं हेच अवघड असतं, आणि तो दोनदा आला नाही की गट आपला विषय बदलून टाकतो. टीपीओ बदलत राहतात, म्हणून पत्रव्यवहारात विभागाचा अधिकृत मेलही ठेवा. एखाद्या वर्षी भरती नसेल तर प्रोजेक्टचे विषय देण्याआधीच तसं कळवा. विषय तरीही देता येतात. ऑफर देऊन जॉइनिंग लांबवलं किंवा रद्द केलं, तर मात्र त्या कॉलेजचं दार पुढची काही वर्षं बंद झालं असं समजा.