कोठार, ठिणगी आणि मधले सदतीस दिवस

प्रिय विद्यार्थिमित्रा,

‘पहिल्या महायुद्धाची कारणे सांगा’ या प्रश्नाचं तुझं उत्तर मिळालं. फोटो तिरका आला होता, पण मान वाकडी करून दोनदा वाचलं. गुप्त करार, लष्करवाद, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद हे चार मुद्दे तू व्यवस्थित मांडलेस आणि शेवटी लिहिलंस, ‘युरोप दारूगोळ्याचे कोठार बनले होते, साराजेव्होच्या खुनाने त्यात ठिणगी पडली.’ माहितीत चूक नाही. पण हे वाक्य पेपर तपासणाऱ्याने त्या दिवशी निदान चाळीस वेळा वाचलेलं असणार. शिवाय ते एक गोष्ट झाकतं. ठिणगी पडली की कोठार आपोआप उडतं, कुणाला काही ठरवावं लागत नाही. १९१४ मध्ये तसं झालं नाही. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ऑस्ट्रियाने त्याचं खापर सर्बियावर फोडलं आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधले सदतीस दिवस तुझ्या उत्तरात कुठेच नाहीत.

आधी एक कसोटी सांगतो. कुठलंही कारण लिहिलं की विचारायचं, हे आधीही होतं, मग तेव्हा युद्ध का झालं नाही? ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिला १८९८ मध्ये जिनिव्हात एका इटालियन अराजकवाद्याने भोसकून मारलं. राजघराण्यातला खून तोही होता, पण युद्ध पेटलं नाही. म्हणजे नुसता खून पुरत नाही. आता उलट बाजूने बघ. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया खालसा केला, १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं झाली. करार, आरमारं, राष्ट्रवाद सगळं तेव्हाही होतं, तरी महासत्ता एकमेकांवर धावून गेल्या नाहीत. म्हणजे नुसता तणावही पुरत नाही. दूरगामी कारणांनी युद्ध शक्य झालं. ते त्याच उन्हाळ्यात का झालं, याचं उत्तर जुलैमध्ये शोधावं लागतं.

तुझी सगळ्यात मोठी गल्लत करारांच्या मुद्द्यात आहे. ‘करारांमुळे एकामागून एक देश युद्धात ओढले गेले’ असं तू लिहितोस. कराराची कलमं बघ. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा १८७९ चा करार बचावाचा होता. रशियाने हल्ला केला तर मदत करायची, एवढंच बंधन. ऑस्ट्रियाने आपणहून सर्बियावर चाल केली तर जर्मनीने पाठीशी उभं राहिलंच पाहिजे, असं त्यात नव्हतं. तरी ५ जुलैला जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याने ऑस्ट्रियाच्या दूताला सांगितलं की रशिया मध्ये पडला तरी आम्ही तुमच्याबरोबर आहोत. हाच तो प्रसिद्ध ‘कोरा धनादेश’. तो करारातून आला नाही, करार ओलांडून दिला गेला. म्हणून त्याची जागा जुलैच्या निर्णयांत. इटलीचंही तसंच. १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात असूनही, हे बचावाचं युद्ध नाही म्हणत ती १९१४ मध्ये बाजूला बसली आणि पुढच्या वर्षी विरुद्ध बाजूने लढली. करार आपोआप ओढत असते तर हे घडलं नसतं.

यानंतर २३ जुलैचा ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता येतो. खुनानंतर तब्बल पंचवीस दिवसांनी! हंगेरीचे पंतप्रधान टिसा आधी युद्धाला राजी नव्हते, आणि फ्रान्सचे अध्यक्ष रशियाच्या भेटीवर होते; त्यांचं जहाज परतीला लागेपर्यंत व्हिएन्ना थांबलं. मुदत अठ्ठेचाळीस तासांची. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घ्यायला नकार दिला. ते उत्तर २८ जुलैला वाचून खुद्द कैसरचं मत झालं की आता युद्धाला कारण उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. संतापाच्या भरात उचललेलं पाऊल असं दिसत नाही, हे तुला इथे दाखवता येईल.

दूरगामी आणि तात्कालिक यांची गाठ कशी पडते, ते लष्करवादात सगळ्यात स्पष्ट दिसतं. तू आरमारांची स्पर्धा आणि १९०६ ची ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका लिहिलीस. ठीक आहे, त्याने ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात वितुष्ट आलं. पण जुलैत निर्णायक ठरली ती रेल्वेची वेळापत्रकं. सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाने फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवर सैन्य जमवावं, असं झारला वाटत होतं. सेनापती म्हणाले, अर्धवट जमवाजमव केली तर पुढे पूर्ण जमवाजमवीचा बोजवारा उडेल. झारने हुकूम दिला, मागे घेतला आणि ३० जुलैला पुन्हा दिला. जर्मनीची योजना तर त्याहून ताठर. रशिया सावकाश जमवाजमव करतो, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून आधी रशियाच्या मित्राला, फ्रान्सला लोळवायचं, मग पूर्वेकडे वळायचं. रशियाची जमवाजमव सुरू झाली की या योजनेचं घड्याळ टिकटिकू लागे. १ ऑगस्टला फ्रान्स तटस्थ राहील असा समज होऊन कैसरने सरसेनापती मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला वळव. मोल्टके म्हणाला, ते आता जमणार नाही. पूर्वेकडची वेगळी योजना १९१३ नंतर अद्ययावत केलेलीच नव्हती. भांडण बाल्कनचं आणि फौजा बेल्जियममध्ये! १८३९ च्या तहाने बेल्जियमच्या तटस्थतेची हमी घेतलेल्या ब्रिटनला त्यातून उघड कारण मिळालं. खरं कारण तेवढंच नव्हतं, फ्रान्स चिरडला जाऊ द्यायचा नाही हेही होतंच. एका वाक्यात दोन्ही लिही.

आता अडीचशे शब्दांची वाटणी. प्रस्तावनेला तीस शब्द पुरे, आणि त्यात तुझं म्हणणं आलं पाहिजे: तणाव जुना, निर्णय जुलैचे. दूरगामी कारणांना शंभर. चारही मुद्दे सारख्या मापाने मोजू नकोस. ऑस्ट्रिया-सर्बिया-रशिया हे बाल्कनचं भांडण पुढे घे, कारण युद्ध तिथून सुरू झालं. १९०८-०९ मध्ये जर्मनीच्या दबावापुढे रशियाला माघार घ्यावी लागली, म्हणून १९१४ मध्ये तो पुन्हा मागे हटायला तयार नव्हता, हे इथेच सांग. फ्रान्स-जर्मनीचा मोरोक्कोवरचा तंटा एका ओळीत आटप. उरलेले एकशेवीस शब्द खून आणि जुलैला दे. खून दोन वाक्यांत उरक. युवराजाच्या मोटारीच्या चालकाचं चुकलेलं वळण गोष्टीत रंगतं, पण गुण देत नाही. जुलैचं प्रत्येक वाक्य एका जुन्या कारणाला बांध. नमुना देतो: ‘आधी फ्रान्स, मग रशिया या ठरीव लष्करी योजनेमुळे बाल्कनमधील संघर्ष तीन दिवसांत बेल्जियमपर्यंत पोहोचला.’ तीन दिवस म्हणजे १ ते ४ ऑगस्ट.

शेवटी मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींचा परिच्छेद जोडलास. वाचायला मलाही आवडला, पण तो परिणामांचा विषय आहे आणि प्रश्न कारणांचा. काट मार.

शनिवारपर्यंत पुन्हा लिहून पाठव. आणि फोटो खिडकीपाशी, सरळ धरून काढ.

तुझा,
सर