नकार आधी, बाकीचं नंतर

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला पाठवायच्या पत्राचा तू काल पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तू प्रवेश नाकारते आहेस की पुढच्या वर्षी येते म्हणते आहेस, तेच कळेना. दुसऱ्यांदा पाचव्या परिच्छेदात सापडलं: 'त्यामुळे या वर्षी रुजू होणं मला शक्य होईल असं वाटत नाही.' सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. एम.एस्सी. तू दुसऱ्या विद्यापीठात करणार आहेस, तिथे होकार कळवून झाला आहे. पण पीएच.डी. करायची तर ती या विभागात, हे तुझं पक्कं आहे. म्हणून दार धाडकन लावायला तुझा हात धजत नाही. प्रवेश कार्यालयात बसलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. दिवसभरात अशी कितीतरी पत्रं त्याच्यासमोर येतात आणि प्रत्येक पत्राची त्याला एका रकान्यात नोंद करायची असते: होकार, नकार किंवा प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती. 'या वर्षी शक्य नाही' हे शब्द सरळ तिसऱ्या रकान्यात जातात.

मीही हीच चूक केली होती. तुझ्याएवढीच होते तेव्हा. दीड पान गोडगोड लिहिलं होतं. कार्यालयाकडून उत्तर आलं की प्रवेश पुढे ढकलायचा असेल तर सोबतचा अर्ज भरा. मी संकोचाने आठवडाभर गप्प बसले, मग 'नाही, तसं नव्हतं म्हणायचं' असं कळवलं. तोवर प्रतीक्षा यादीतल्या कुणाची तरी जागा माझ्या नावावर अडकून पडली होती. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

प्रवेश पुढे ढकलणं आणि पुन्हा अर्ज करणं यातला फरक नीट समजून घे. पुढे ढकलणं म्हणजे ही जागा माझीच, फक्त मी उशिरा येते. त्याला बहुतेक ठिकाणी आधी होकार द्यावा लागतो, कारण सांगावं लागतं, कधी अनामतही भरावी लागते. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी आपोआप सोबत येईलच असंही नसतं. ज्याला ते हवं असेल त्याने नकार देण्याआधीच विचारायला हवं, कारण नोंदवलेला नकार मागे घेता येईल याची खात्री नसते. तुझ्या बाबतीत तर तो प्रश्नच नाही. एका ठिकाणी होकार देऊन दुसरीकडची जागा धरून ठेवणं बरं दिसत नाही, आणि पुष्कळ विद्यापीठांच्या नियमांतही ते बसत नाही. तुला ही जागा सोडायची आहे आणि दोन वर्षांनी, वेगळ्या अभ्यासक्रमासाठी, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहायचं आहे. पत्रात तेवढंच दिसू दे.

मी असं लिहिलं असतं:

'आपल्या एम.एस्सी. अभ्यासक्रमासाठी मला प्रवेश देऊ केल्याबद्दल मनापासून आभार. विचारांती मी हा प्रवेश स्वीकारत नाही, असं कळवते. माझी जागा दुसऱ्या उमेदवाराला द्यावी. माझ्या सध्याच्या विषयाला जवळचा असा एक अभ्यासक्रम मी निवडला आहे. मुलाखतीत माझ्या प्रकल्पातल्या मोजमापाच्या पद्धतीवर जे प्रश्न विचारले गेले, त्यांचा मला पुढच्या कामात उपयोग झाला. एम.एस्सी. पूर्ण झाल्यावर आपल्या विभागात पीएच.डी.साठी नव्याने अर्ज करण्याचा माझा विचार आहे.'

संपलं. खाली पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक. ज्या भाषेत पाठवायचं आहे त्या भाषेत हे तू उतरवशीलच, पण वाक्यांचा क्रम मोडू नकोस.

नकार दुसऱ्याच वाक्यात आहे आणि त्यात 'सध्या', 'बहुधा', 'वाटतं' यांपैकी काही नाही. कारण एका वाक्यात आटोपलं आहे. तुझ्या मसुद्यात शिष्यवृत्तीची तुलना आहे, वसतिगृहाची आहे, घरच्यांचं म्हणणंही आहे. ते सगळं काढ. शिष्यवृत्तीबद्दल बोलायचंच होतं तर ते निर्णयाआधी बोलायला हवं होतं. आता ते घासाघीस केल्यासारखं वाचलं जाईल. दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घालायची गरज नाही. त्यांनी विचारलं तर मात्र खरं सांग.

मुलाखतीबद्दलचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. 'आपला विभाग नामांकित आहे' असं कुणीही कुणालाही लिहू शकतं. मोजमापाच्या पद्धतीवरचे प्रश्न फक्त तुलाच विचारले गेले होते. दोन वर्षांनी कुणी जुनं पत्र काढून पाहिलंच, तर ओळख पटायला तेवढं वाक्य पुरे.

आता शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी तू पाच परिच्छेद खर्च केले होतेस. त्यात 'नव्याने' हा शब्द महत्त्वाचा आहे. तू काही मागत नाहीस, एक बेत कळवतेस, एवढंच त्यातून दिसतं. तुझ्या मसुद्यात होतं, 'तेव्हा माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' हे वचन देणं त्या कार्यालयाच्या हातात नाही. दोन वर्षांनी निवड समितीत कदाचित वेगळीच माणसं असतील. आणि बेताची खात्री नसेल, तर हे वाक्य सरळ गाळ. पत्र त्याशिवायही सभ्यच राहतं.

ज्या प्राध्यापकांनी तुझी मुलाखत घेतली त्यांना वेगळं पत्र लिही, त्याच दिवशी. कार्यालयाकडून त्यांना परस्पर कळण्याआधी तुझ्याकडून कळलेलं बरं. पीएच.डी.च्या वेळी तुला ओळखणारं तिथे कोणी असेल तर तेच. त्यांना तीन-चार ओळी पुरेत, आणि त्यांत थोडं मोकळं लिहिलंस तरी चालेल: कोणत्या विषयाकडे वळते आहेस, त्यांच्या कामातलं नेमकं काय वाचते आहेस. 'मला लक्षात ठेवा' असं मात्र लिहू नकोस. वर्षभराने प्रबंधाचा विषय ठरला की एक ओळ कळव, त्यातून ते आपोआप होईल.

पत्र पाठवलं म्हणजे नकार नोंदला गेला, असं धरून चालू नकोस. त्यांच्या प्रवेशाच्या संकेतस्थळावर नकाराचं बटण असेल तर खरी नोंद बहुधा तिथेच होते. पत्र ही वरची सभ्यता. आधी पत्र पाठव, मग लगेच बटण दाब आणि पोच आली का ते बघ. अंतिम तारखेची वाट पाहू नकोस. तुझं ठरलं आहे ना, मग आजच.

ता. क. प्रवेशाचं पत्र, तुझा नकार आणि त्याची पोच या तिन्हींच्या प्रती जपून ठेव. पुढच्या अर्जात 'यापूर्वी इथे अर्ज केला होता का' असा रकाना असू शकतो. तिथे 'हो' लिही आणि वर्ष बरोबर टाक. तुझ्यासाठी शिफारसपत्रं लिहिणाऱ्या दोघा सरांनाही आजच कळव; दोन वर्षांनी नवी पत्रं लागतील आणि ती मागायला तू त्यांच्याकडेच जाणार आहेस.