नोटीस मराठीतच होती, बाईंना कळली नाही

प्रश्न : सरकारी नोटिसा मराठीत असूनही सामान्य माणसाला का कळत नाहीत? अवघड प्रशासकीय शब्दांना सोपे मराठी शब्द कुठे मिळतील?

शब्द शब्दकोशात मिळतील. भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश आहे, पदनाम कोश आहे आणि shabdakosh.marathi.gov.in वर बरेचसे कोश फुकट चाळता येतात. पण त्यानं नोटीस कळेल असं वाटत असेल तर तसं होणार नाही. मी सोलापुरात महसूल खात्यात कारकुनी केली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोटिसा मीच काढायचो, त्यामुळे दोष कुठं असतो ते सांगू शकतो.

एक दिवस दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक बाई टेबलापाशी आल्या. माहेर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, लग्नानंतर सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहायला, विड्या वळायच्या. हातात नव्यानं काढलेला सातबारा. वडिलांची 6 एकर जमीन, मागं दोन भाऊ आणि ही बहीण. तिघांची वारस नोंद व्यवस्थित झाली होती, म्हणजे प्रत्येकी 2 एकर. थोरल्या भावानं परस्पर 3 एकर विकली होती. खरेदीखत नोंदवलेलं, त्यावरून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, पडला आणि प्रमाणितही झाला. बाई म्हणत होत्या, "मला कुणी सांगितलंच न्हाई ओ साहेब."

फाईल काढली. नोटीस गेलेली होती आणि बाईंची सही होती. सहीखालची तारीख चार महिन्यांपूर्वीची. नोटिशीतलं वाक्य असं : "सदर फेरफाराबाबत हितसंबंधितांनी आपले आक्षेप विहित मुदतीत दाखल करावेत, अन्यथा आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून फेरफार प्रमाणित करण्यात येईल."

मी विचारलं, मावशी, हे वाचलं नाही का? त्या म्हणाल्या, "पोरानं वाचलं की. त्यो म्हनला, प्रमाणपत्र मिळनार हाय, तवा कशाला जायाचं?"

सातवीतल्या पोरानं "प्रमाणित" वाचून प्रमाणपत्र समजलं यात त्याचं काय चुकलं? त्याला शब्द माहीत होता, पण आमच्या कामात त्याचा अर्थ वेगळा. फेरफार प्रमाणित झाला म्हणजे नोंद पक्की झाली आणि सातबारा त्याप्रमाणे बदलला.

आता त्या वाक्यात काय नव्हतं ते सांगतो. "विहित मुदत" म्हणजे नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, हे लिहिलेलं नव्हतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे हरकत तोंडी सांगितली तरी चालते, हे नव्हतं. तलाठ्यानं ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये, लिहायची आणि हरकत घेणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यायची, हेही नव्हतं. "आक्षेप दाखल करावेत" म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधी वकील शोधतो, वकिलाची फी ऐकून गप्प बसतो. बाईंनी चावडीत जाऊन "भावाचा हिस्सा 2 एकरच हाय" एवढं म्हटलं असतं तरी नोंद तक्रारी झाली असती, सुनावणी लागली असती.

म्हणून जे कोशातल्या संस्कृत शब्दांवर खापर फोडतात त्यांच्याशी माझं जमत नाही. "आक्षेप"च्या जागी "हरकत" घाला, फारसी की संस्कृत यावर वाद घाला, बाईंचे 15 दिवस तसेच गेले असते. फेरफार, बोजा, पोटखराबा हे शब्द तर शेतकऱ्याच्या तोंडात बसलेले आहेत, त्यांना हात लावू नये. आमच्या एका बैठकीत एकानं "बोजा"ला "भार" सुचवला होता. बँकेचा बोजा उतरवायला हेलपाटे घातलेल्या माणसासमोर जाऊन म्हणून बघा.

त्याच आठवड्यात मी नोटिशीसोबत जोडायला अर्ध्या पानाचा कागद लिहिला. तुमच्या गटातली एवढी जमीन अमुक माणसानं विकली आहे. तुमची हरकत असेल तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याला तोंडी किंवा लेखी सांगा. पोच घ्या. काही सांगितलं नाही तर जमीन घेणाऱ्याच्या नावावर होईल.

साहेबांनी कागद वाचून माझ्याकडे ढकलला. "ही नोटीस आहे का गावाकडची चिठ्ठी? नमुना विहित आहे, त्यात शब्द घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" मी म्हणालो, नमुन्यात घालत नाही, सोबत जोडतोय. ते म्हणाले, कायद्याची भाषा ही कायद्याचीच राहते. हा वाद आमच्यात ते बदलून जाईपर्यंत चालला. मी हट्टानं नवी पेठेतून स्वखर्चानं एक रबरी शिक्का करून आणला, त्यावर फक्त "हरकत 15 दिवसांत, तोंडी किंवा लेखी. पोच घ्या." एवढंच. साहेबांनी तो नोटिशीवर मारू दिला नाही, म्हणून मी पाकिटावर मारायचो.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. माझ्या कागदातल्या शेवटच्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर होतं. फेरफारानं मालकी मिळत नाही. ती नोंद महसुली कामापुरती असते. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात एवढंच, आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. "नावावर होईल" असं मी लिहिलं असतं तर बाईंसारखं कुणी "आता सगळं गेलं" म्हणून घरी बसलं असतं. सोपं लिहिताना चुकीचं लिहिलं जातं ते असं. "सातबाऱ्यावर घेणाऱ्याचं नाव लागेल" हे सोपंही आहे आणि खरंही.

बाईंचं काय झालं? अपिलाची मुदत 60 दिवसांची, तीही गेलेली होती. प्रांत कार्यालयात कलम 247 खाली अपील आणि सोबत उशीर माफीचा अर्ज करावा लागला. तिथंही शब्दांनी घात केला. वकिलाआधी त्यांना कुणीतरी "पुनर्विलोकन" चा अर्ज लिहून दिला होता. पुनर्विलोकन म्हणजे ज्यानं आदेश दिला त्यानंच परत बघायचं. वरच्या अधिकाऱ्यानं कागदपत्रं मागवून तपासायचं ते पुनरीक्षण. ही दोन नावं शेजारी ठेवली तर आमचे नवे कारकूनही गोंधळतात, विड्या वळणाऱ्या बाईंचं काय घेऊन बसलात. दीड वर्षानं जादा 1 एकरापुरती नोंद रद्द झाली.

तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. मराठी वापरायची सक्ती कायद्यात आहेच : राज्य कारभाराला 1964 चा राजभाषा अधिनियम, महापालिका, जिल्हा परिषदांना 2022 चा स्थानिक प्राधिकरणांचा. नोटीस कळावी अशी सक्ती मला त्यात दिसली नाही. माहितीच्या अधिकारात मागवून कुठल्याही कार्यालयाच्या दहा नोटिसा चाळा. किती दिवस, कुठं जायचं, तोंडी चालतं का, गप्प बसलो तर काय, एवढं शोधा. भाषा मराठी आहे का हे त्यानंतर बघा.

अर्थात मी बोलतोय ते फेरफाराच्या नोटिशीबद्दल. मालमत्ता कराच्या बिलात "करयोग्य मूल्य" असा शब्द येतो, तिथं नुसता सोपा शब्द पुरत नाही, आकडा कसा काढला तेच मांडून दाखवावं लागतं. ते माझं खातं नव्हतं, त्यावर कर विभागातल्या कुणी लिहावं. आणि साहेब हे वाचत असतील तर, शिक्का अजून माझ्याकडे आहे.