चुकलेले अक्षर तेवढे बदलू नका, पूर्ण ओळ झाका

‘आजोबांच्या सोहळ्याच्या व्हिडिओत पहिल्याच दृश्यावर सहस्रचंद्रदर्शनऐवजी “सहस्त्रचंद्रदर्शन” असे आले आहे. प्रोजेक्ट फाइल उडाली, फक्त एमपी४ उरली आहे. काही करता येईल का?’

करता येईल, मात्र व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत न घेता सर्वांत मोठ्या आकाराची फाइल शोधून त्यावरच काम करावे.

नेमकी हीच चूक मी एकदा दुरुस्त केली आहे. फक्त ‘त’ पुसण्याचा मोह होतो, परंतु ‘स्त्र’पेक्षा ‘स्र’ अरुंद असल्यामुळे शिरोरेषेत फट पडते आणि मध्यभागी बसवलेली ओळ एका बाजूला सरकलेली दिसते. म्हणून संपूर्ण ओळ झाकून नव्याने लिहावी.

माझ्या व्हिडिओत अक्षरे भिंतीवर होती, शेजारी समई तेवत होती आणि कॅमेरा स्टँडवर स्थिर होता. अक्षरे येण्यापूर्वीची स्वच्छ फ्रेम कापून मी त्यांवर चिकटवली, तेव्हा भिंतीचा तेवढाच तुकडा गोठल्यासारखा दिसू लागला, कारण ज्योत हलली की भिंतीवरचा उजेड बदलतो आणि चित्रातले बारीक दाणेही सतत हलत असतात. उपाय त्याच चित्रात सापडला. डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संपादन सॉफ्टवेअरमध्ये त्याच क्लिपची दुसरी प्रत बरोबर वरच्या ट्रॅकवर ठेवली, `Crop` वापरून अक्षरांच्या लगेच वरची मोकळी भिंत तेवढी राखली आणि `Position Y` बदलून ती पट्टी खाली अक्षरांवर सरकवली. पट्टी त्याच क्षणाची असल्यामुळे उजेड आणि दाणे आपोआप जुळले. कडा `Softness`ने विरघळवल्या, आणि खालची भिंत किंचित गडद होती म्हणून पट्टीही तितकीच गडद केली.

जुनी अक्षरे हळूहळू उमटत असतील, तर त्यांची पहिली पुसट छटा दिसते त्याच्या एक-दोन फ्रेम आधीपासून ती पूर्ण विरेपर्यंत पट्टी अपारदर्शकच हवी. हळूहळू उमटणे फक्त नव्या अक्षरांना द्यावे, कारण पट्टीही विरघळत आली तर खालचा ‘स्त्र’ क्षणभर डोकावतो.

फाँट ओळखण्यासाठी पट्टी तात्पुरती बंद करून नवी ओळ अर्धपारदर्शक ठेवावी आणि जुन्या ‘दर्शन’वर नवे ‘दर्शन’ बसवून पाहावे. शिरोरेषेची जाडी आणि रफाराचा बाक जुळला, तर फाँट तोच आहे असे समजण्यास हरकत नाही. तो सापडला नाही, तरी पूर्ण ओळ एकाच फाँटात असल्यामुळे खटकत नाही.

क्लिप आत घेण्यापूर्वी प्रोजेक्टचा फ्रेम रेट मूळ व्हिडिओइतकाच ठेवावा, कारण तो नंतर बदलता येत नाही. निर्यात मूळ फाइलपेक्षा जास्त बिटरेटने एकदाच करावी, म्हणजे फाइल पुन्हा कॉम्प्रेस झाल्यामुळे होणारी चित्राची झीज दिसत नाही. नंतर तो भाग दुप्पट मोठा करून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावा. पट्टीची कड राहिली असेल, तर ती उजेड बदलतानाच दिसते.

अक्षरांमागे माणसे हालत असतील किंवा कॅमेरा फिरत असेल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे मी ओळीच्या पूर्ण रुंदीची एकरंगी पट्टी टाकून तिच्यावर शुद्ध ओळ लिहितो.