पेपरच्या आदल्या रात्री जागावे का?

बारावीचा पेपर तुम्ही पहिल्यांदाच देणार आहात, म्हणून आदल्या रात्रीचे नियोजन आधी करा. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो. रात्रभर जागल्यास ते अर्धवट राहते आणि सकाळी नवे काही ग्रहण करण्याची क्षमताही घटते. लॉस एंजेलिसच्या शालेय विद्यार्थ्यांच्या रोजच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले, की झोप कापून जास्त वाचन केल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गातले समजणे आणि चाचणी देणे अधिक अवघड गेले.

चहा-कॉफीने थकवा जात नाही. झोपेची जाणीव निर्माण करणाऱ्या ॲडेनोसिनचा परिणाम कॅफीन काही तास रोखते, एवढेच. २०१३ च्या एका प्रयोगात, झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने, म्हणजे साधारण चार मोठे कप कॉफीने, झोप तासाहून अधिक कमी झाली. चहात कॅफीन कमी असले, तरी रात्रीचे तीन-चार कप त्रासदायक ठरू शकतात.

पेपर ११ वाजता असेल, तर शेवटचा चहा दुपारी ३ ला घ्या, १० ला झोपा, ६ ला उठा आणि तासाभराने दहा मिनिटे मोबाइलविना फिरून उजळणी करा.