पाच लाखांची पोस्ट आणि एका पेटीचा हिशेब

प्रश्न : मी राजापूरकडचा. यंदा हापूस थेट गिऱ्हाइकांना विकला, चांगले पैसे झाले. इतर बागायतदारांना उपयोग व्हावा म्हणून पोस्ट लिहिली, तर लोक म्हणतात मिरवतोय. रकमेचा उल्लेख काढून टाकू का?

उत्तर : सगळे आकडे काढू नका, तुमचा धडा ज्या आकड्यावर उभा आहे तेवढाच ठेवा. देवगडला आमची कलमे आहेत आणि हीच चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पोस्टचे पहिले वाक्य असे होते : "दलालाला फाटा देऊन या मोसमात दोनशे पेट्यांतून पाच लाख कमावले." मुळात ते 'कमावले' खोटे होते, कारण पाच लाख ही विक्री होती, फवारणी, राखण, काढणी, खोके आणि पेंढा यांचा खर्च त्यातून जायचाच होता. शिवाय ज्याच्या वीसच पेट्या निघतात त्याला त्या आकड्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मग मी एका पेटीचा हिशेब मांडला. पाच डझनांची पेटी पुण्याच्या घरी 2,500 रुपयांना दिली. त्यातून वाहतुकीचे 180 आणि डागी फळांच्या भरपाईचे सरासरी 70 रुपये वजा जाता 2,250 उरले. त्याच आठवड्यात, त्याच प्रतीच्या फळाची वाशीच्या दलालाकडून आलेली विक्रीची पट्टी सगळी कपात होऊन 1,650 रुपयांची होती. खोका आणि पेंढा दोन्हीकडे सारखाच लागत असल्यामुळे तो खर्च या तुलनेत धरला नाही. आठवडा मात्र तोच असावा, कारण एप्रिलच्या आरंभीच्या थेट विक्रीशी मेअखेरची पट्टी ताडून पाहिली तर फरक फुगतो आणि जाणता बागायतदार ते पहिल्या वाचनातच पकडतो.

पोस्टचा आरंभ आता असा झाला : "थेट विकल्यावर पेटीमागे 600 रुपये जास्त मिळाले, त्यासाठी काय करावे लागले ते लिहितो." त्याखाली पहिली तीस गिऱ्हाइके पुण्यातल्या मेहुण्याच्या ओळखीची होती, हे स्पष्ट लिहिले. प्रत्येक पेटीमागे तीन-चार फोन झाले, काहींचे पैसे जूनपर्यंत अडकले आणि पावसाच्या तोंडावर घरगुती मागणी आटल्याने त्या दोनशेंपलीकडच्या शेवटच्या चाळीस पेट्या वाशीलाच पाठवाव्या लागल्या, हेही लिहिले. ही माहिती शेवटी तळटीपेसारखी टाकू नका. 600 च्या लगेच खाली द्या, म्हणजे वाचणारा आपल्याकडे तशी ओळख आहे का, हे लागलीच ताडून पाहील.

"देवाच्या कृपेने थोडेफार मिळाले" अशी सारवासारव मात्र करू नये. आमच्याकडे तेवढ्यावरून लोक खरी रक्कम दुप्पट धरतात. पाच लाख मी पूर्ण वगळले. त्यानंतर आलेल्या पहिल्या प्रतिक्रियेत एकाने विचारले होते, "डागी फळ निघाले तर पेटी बदलून देता की पैसे परत?"